‘आपलं पितळ उघडं पडेल’ ही भीती कशी तपासायची: चांगलं काम करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभाग सांभाळते. माहेर निफाड तालुक्यातलं, घरात इंजिनिअर झालेली पहिलीच. प्रमोशन मिळालं तेव्हा आईने नवश्या गणपतीला नवस फेडला आणि मी मात्र मनात हिशेब करत होते, की हे किती महिने टिकेल. कस्टमर ऑडिट पार पडलं, तक्रारी कमी झाल्या, तरी ‘आपण इथे चुकून आलोय आणि कुणाच्या तरी ते लक्षात येईल’ हे जात नव्हतं. पुढे कॉलेज रोडवरच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे सीबीटी, घेतली. तिथे शिकलेली पद्धत ज्या क्रमाने उपयोगी पडली त्या क्रमाने लिहिते आहे.

ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेतल्या पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दीडशेहून अधिक कर्तबगार बायकांबरोबरच्या कामावर लेख लिहिला. पदव्या होत्या, मानसन्मान होते, तरी या बायकांना वाटत होतं की आपण लोकांना फसवतोय. तेव्हापासून याला इम्पोस्टर फिनॉमिनन म्हणतात; बोलताना लोक सिंड्रोम म्हणतात. पुरुषांनाही हे होतं, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत मात्र हे नाही, त्यामुळे ‘मला हा आजार आहे का’ या प्रश्नात अडकू नका.

काय जवळ ठेवायचं

एक शंभरपानी वही आणि पेन. मागच्या दोन-तीन वर्षांची अप्रेझल, कौतुकाचे आणि तक्रारीचेही ई-मेल. तुमच्याच कामातला एक माणूस, जो तोंडावर खरं बोलतो. आणि आठवड्यातला एक ठरलेला अर्धा तास. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण मला वही बरी वाटली, कारण मागची पानं पुसता येत नाहीत आणि पुढे नेमका त्याचाच उपयोग होतो.

१. आधी खात्री करा की हे तेच आहे

तीन वेगळ्या गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात.

पहिली म्हणजे खरंच कौशल्य कमी असणं. नवीन सॉफ्टवेअर येत नसेल तर ते शिकायचं, त्यासाठी विचारांवर काम करायची गरज नाही. ओळखायचं कसं? कमतरता नेमक्या शब्दांत सांगता येते: ‘मला मोजमाप पद्धत तपासणारा एमएसएचा रिपोर्ट वाचता येत नाही.’ इम्पोस्टरची भीती धूसर असते: ‘मला काहीच येत नाही.’ आणि शिकून झालं तरी ती तशीच राहते.

दुसरी म्हणजे तुम्हाला खरंच बाजूला काढलं जात असणं. मीटिंगमध्ये तुम्ही एकट्याच बाई असाल आणि तुमचं बोलणं रोज मध्येच तोडलं जात असेल, किंवा गावाकडच्या बोलण्यावरून हसत असतील, तर ‘मी इथली नाही’ हे वाटणं तुमच्या डोक्यात तयार झालेलं नाही. तिथे वहीपेक्षा एचआरशी किंवा वरिष्ठांशी बोलणं आधी.

तिसरी म्हणजे नैराश्य. झोप उडालीय, भूक गेलीय, कामाबाहेरच्या गोष्टींतही रस उरला नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर हा लेख इथेच ठेवा आणि थेट शेवटच्या पायरीवर जा.

मोजमाप हवं असेल तर क्लान्स यांचीच एक प्रश्नावली आहे. वीस विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ६० च्या वर गेली तर ही भावना वारंवार येते असं समजतात. पण आकड्याला फार चिकटू नका. २०२० साली ६२ अभ्यासांचा एक आढावा निघाला, त्यात प्रश्नावली आणि गुणांची मर्यादा बदलली की हे असणाऱ्यांचं प्रमाण ९ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत बदलत होतं. मी तर ही प्रश्नावली भरतानाही ‘आपण जरा वाढवूनच लिहितोय’ असं म्हणत बसले होते.

२. भीतीचं एक वाक्य करा आणि त्याला टक्के द्या

‘टेन्शन येतं’ हे तपासता येत नाही. वाक्य तपासता येतं. एक ताजा प्रसंग घ्या आणि प्रत्येक उत्तराला विचारत जा, ‘बरं, तसं झालं तर त्याचा अर्थ काय?’ माझं असं झालं:

ऑडिटरच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर? तो प्लांट हेडकडे बघेल. मग? साहेबांना कळेल की मला खोलातलं येत नाही. त्याचा अर्थ? आतापर्यंत मी वेळ मारून नेली. म्हणजे? ‘ही खुर्ची मला चुकून मिळालीय आणि ते एक दिवस उघडं पडणार.’

इथे थांबायचं. हे वाक्य तारखेसह वहीत लिहा आणि या क्षणी ते किती खरं वाटतं, ० ते १०० मध्ये लिहा. मी ८५ लिहिलं होतं. त्याच्या खाली बहुतेक वेळा एक अटही सापडते. माझी होती: ‘सगळ्या प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ असतील तरच मी या जागेला लायक.’ ती अट वेगळी लिहून ठेवा.

३. यश मिळूनही भीती का जात नाही, ते चक्र काढा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

क्लान्स यांनी हे चक्र असं मांडलं. नवं काम येतं, घाबरायला होतं. मग माणूस दोनपैकी एक करतो: गरजेच्या कितीतरी पट तयारी, नाहीतर टाळाटाळ आणि शेवटच्या रात्री धावपळ. काम बहुतेक वेळा चांगलंच होतं. थोडा वेळ हायसं वाटतं. मग मन त्या यशाचा हिशेब लावतं. भरमसाट तयारी करणारा म्हणतो, ‘एवढं राबल्यावर कुणालाही जमलं असतं.’ धावपळ करणारा म्हणतो, ‘नशिबाने निभावलं.’ दोन्ही हिशेबांत स्वतःच्या क्षमतेच्या खात्यावर शून्य जमा. त्यामुळे पुढचं काम आलं की भीती तिथूनच सुरू, उलट थोडी वाढलेली, कारण आता लोकांच्या अपेक्षाही वाढलेल्या असतात.

म्हणून ‘अजून एक प्रमोशन मिळालं की बरं वाटेल’ हे होत नाही. ज्या तयारीने तुम्ही वाचलात असं वाटतं, तीच तयारी भीती खरी आहे की खोटी हे कधी कळू देत नाही. सीबीटीत अशा वागण्याला बचावाचं वागणं म्हणतात. तुमचं बचावाचं वागणं शोधा आणि यादी करा. माझ्या यादीत होतं: ऑडिटच्या आदल्या रात्री दोनपर्यंत टीमने तपासलेल्या फायली पुन्हा तपासणं, मीटिंगला चाळीस पानांचा बॅकअप नेणं, खात्री असल्याशिवाय तोंड न उघडणं, आणि रात्री नवऱ्याला ‘नीट होईल ना रे?’ असं विचारत राहणं. हे शेवटचं साधं वाटतं, पण त्याच्या ‘होईल गं’चा परिणाम तासभरही टिकत नाही आणि पुन्हा विचारावं लागतं.

इथला खड्डा: कामाची खरी गरज आणि भीतीपोटी केलेलं काम एकाच यादीत टाकू नका. मी लावलेली कसोटी अशी: ‘हेच काम माझ्या ज्युनिअरकडे असतं, तर हे कर असं मी त्याला सांगितलं असतं का?’ गेजचं कॅलिब्रेशन तपास, हे सांगितलं असतं. रात्री दीडला स्लाइडचे फॉन्ट बदल, हे नसतं सांगितलं.

४. श्रेयाची वाटणी कागदावर करा, यशाची आणि अपयशाचीही

एक यश घ्या. कारणांची यादी करा आणि १०० टक्के वाटा. पहिल्यांदा मनात येईल तेच लिहा, सुधारू नका. कस्टमर ऑडिट फक्त दोन मायनर एनसीवर, म्हणजे किरकोळ त्रुटींवर, संपलं, त्याची माझी पहिली वाटणी अशी होती: ऑडिटरला घाई होती, त्याला नाशिक रोडहून गाडी गाठायची होती, ४०. टीम ३०. मी रात्रभर जागले २५. माझं ज्ञान ५.

आता एकेका आकड्याला पुरावा मागा. ऑडिटरला घाई? त्याने दोन दिवस पूर्ण वेळ दिला होता आणि कंट्रोल प्लॅन स्वतः निवडून तपासले होते. घाई शेवटच्या चहापुरती होती. १०. टीम? त्यांचे ३० तसेच राहिले, ते खरंच होते. जागरण? त्या रात्रीत बदललं काय, तर दोन स्लाइडचं रूप. ५. कॅलिब्रेशनचा खर्च मॅनेजमेंटने वेळेवर मंजूर केला होता, तो पहिल्या यादीत नव्हताच. १०. उरले ४५. मागच्या एनसी कुठून आल्या हे ओळखून लाईनवरची तपासणी बदलणं माझं होतं, त्याला दुसरं कुणी दावेदार नव्हतं.

मग त्याच पानावर एका अपयशाची वाटणी करा. आदल्या वर्षीच्या एका कस्टमर तक्रारीला मी स्वतःला ९० टक्के दिले होते, सप्लायरच्या लॉटचा उल्लेखसुद्धा न करता. यशात ५ आणि अपयशात ९०. हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली, की गडबड माझ्या कामात नसून हिशेबात असू शकते.

देवाच्या कृपेचं काय, हा प्रश्न आपल्याकडे येतोच, आणि आईसमोर ही वही उघडली तर हमखास येईल. मी ती कृपा वाटणीबाहेर ठेवली. आईने नवस भावासाठीही केला होता, सगळ्यांसाठीच करते. त्यामुळे हे ऑडिट चांगलं का गेलं आणि ते का गेलं नाही, याचा उलगडा त्यातून होत नाही. तसंच चारचौघांत ‘सगळी टीमची मेहनत’ म्हणणं ही रीत आहे, ती सोडायची गरज नाही. फक्त तेच वाक्य वहीत लिहायचं नाही.

इथला खड्डा: सगळे १०० टक्के स्वतःला देणं हा हेतू नाही. तसं केलंत तर मन दोन दिवसांत ते उलटवेल, आणि बरोबरच उलटवेल.

५. छोटा प्रयोग करा

वहीतल्या युक्तिवादाने माझे ८५ चे ७५ झाले असतील. खरा फरक प्रयोगाने पडला. बचावाचं एक वागणं निवडा, ते ठरावीक प्रमाणात कमी करा, काय होईल याचं भाकीत आधी लिहा आणि नंतर काय झालं ते बघा.

मी प्लांट हेडबरोबरची महिन्याची रिव्ह्यू मीटिंग निवडली. ऑडिट नाही, कारण पहिल्याच प्रयोगात सगळ्यात मोठी भीती घेतली की माणूस ऐनवेळी माघार घेतो. लिहिलं ते असं.

बदल: तयारी फक्त दीड तास, सहा स्लाइड, बॅकअप फाइल न्यायची नाही, नवऱ्याला विचारायचं नाही.

भाकीत: किमान तीन प्रश्नांवर मी अडकेन आणि साहेब नंतर केबिनमध्ये बोलावून जाब विचारतील. खात्री ७० टक्के.

काय झालं तर भाकीत खरं मानायचं: केबिनमध्ये बोलावणं आलं, काम काढून घेतलं, किंवा कुणी तोंडावर म्हटलं, तरच. ‘साहेबांचा चेहरा वेगळा वाटला’ हे धरायचं नाही. ही ओळ आधी लिहिली नाहीत तर प्रयोग फुकट जातो, कारण घाबरलेलं मन कुठल्याही चेहऱ्यात राग शोधू शकतं.

झालं काय? एकाच प्रश्नावर अडकले: अमुक रिजेक्शन कुठल्या सप्लायरच्या लॉटमधलं? मी म्हटलं, ‘सर, आत्ता आकडा नाही, संध्याकाळपर्यंत मेल करते.’ ते ‘ओके’ म्हणून पुढच्या स्लाइडवर गेले. त्याच मीटिंगमध्ये मेंटेनन्सच्या सरांनी हेच वाक्य दोनदा वापरलं. ते आधीही वापरत असणार. मी स्वतःच्या भीतीत इतकी गुंतलेली असायचे की दुसऱ्यांचं ऐकलंच नव्हतं. केबिनमध्ये बोलावणं आलं नाही. मूळ वाक्य आता ६५ टक्के.

संध्याकाळी मनाने लगेच वाट काढली: ‘आज साहेबांचा मूड चांगला होता.’ हे होणारच. त्याच्याशी वाद घालू नका, त्यालाच पुढच्या प्रयोगाचं भाकीत करा: ‘मूड वाईट असता तर बोलावलं असतं.’ मग महिनाअखेरीला, डिस्पॅचच्या गडबडीत सगळे चिडलेले असताना तेच पुन्हा केलं. नंतर कस्टमरच्या व्हिडिओ कॉलवर. आकडा सरळ रेषेत उतरत नाही. कस्टमरच्या कॉलआधी तो परत ७० वर गेला होता.

तुम्ही टाळाटाळ करणारे असाल तर प्रयोग उलटा: काम आल्याच्या दिवशी पंचेचाळीस मिनिटं सुरुवात करायची आणि पहिला कच्चा मसुदा कुणाला तरी दाखवायचा. ‘कच्चं दिसलं की माझी लायकी कळेल’ हे भाकीत तिथे तपासलं जातं.

दोन गोष्टी सांभाळा. तयारी शून्यावर आणू नका. मग खरंच फजिती होईल आणि भीतीला आयता पुरावा मिळेल. आणि जिथे तपासणी दुसऱ्याच्या जिवाशी जोडलेली आहे तिथे काटछाट नको. नर्सने औषधाचा डोस दोनदा बघणं किंवा आमच्याकडे ब्रेकच्या पार्टची शंभर टक्के तपासणी, हे बचावाचं वागणं नाही, ते काम आहे.

६. ‘लायक की बनावट’ या दोन खणांतून बाहेर या

ही समजूत गो-नो-गो गेजसारखी चालते: भाग आत गेला तर पास, अडकला तर भंगार, मधलं माप नाहीच. त्याऐवजी एक रेघ ओढा. एका टोकाला ० आणि खाली लिहा की खरा बनावट माणूस नेमकं काय करतो. मी लिहिलं: खोटी डिग्री दाखवतो, न तपासलेल्या भागाच्या रिपोर्टवर सही करतो, दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवतो. दुसऱ्या टोकाला १००: कधीच न अडकणारा, सगळं पाठ असलेला.

आता ओळखीची खरी माणसं त्या रेघेवर बसवा. शंभरवर माझ्याकडून कुणीच बसलं नाही, आमचे जुने सरसुद्धा ८० च्या आसपास. शून्याजवळ एक जण होता, त्याला नोकरीवरून काढलं होतं. स्वतःला बसवायची वेळ आली तेव्हा शून्याच्या खाली लिहिलेल्यातलं एकही काम मी करत नव्हते, त्यामुळे तिथे बसताच येईना. मी ६५ वर बसले. खरं बोलणाऱ्या त्या सहकाऱ्याला विचारलं तर ती म्हणाली, ‘सत्तर. आणि डिझाइनच्या मीटिंगमध्ये गप्प बसतेस म्हणून सत्तर, नाहीतर जास्त.’ हे उत्तर मला नुसत्या कौतुकापेक्षा उपयोगी पडलं.

७. पुराव्याची नोंद ठेवा

रोज झोपण्याआधी एक-दोन ओळी: आज मी काय केलं, जे वाक्याच्या विरोधात जातं. ‘छान दिवस’ नको. ‘लाईन दोनवर भागांच्या कडेला राहणारी धातूची बर माझ्या लक्षात आली, टूल बदलल्यावर थांबली’ असं, म्हणजे तिसऱ्या माणसालाही तपासता येईल असं. आठवड्याला एकदा मूळ वाक्याचे टक्के पुन्हा लिहा. कुणी कौतुक केलं तर ‘थँक यू’ म्हणून गप्प राहायचं, पुढचं ‘त्यात काय एवढं’ गिळायचं. आणि ते कौतुक त्याच शब्दांत वहीत उतरवायचं, कारण सकाळपर्यंत त्यातला अर्धा भाग मनाने गाळलेला असतो.

८. मदत कधी आणि कुठे

महिना-दीड महिना हे करूनही आकडा हलत नसेल, किंवा प्रयोगाच्या विचारानेच छातीत धडधडत असेल, तर एकट्याने करू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी आहे का ते विचारा. फोनवरच विचारा: सीबीटी करता का, दोन भेटींमध्ये गृहपाठ देता का? गृहपाठ नसेल तर वरच्यापैकी फारसं काही होणार नाही. साधारणपणे आठवड्याला एक भेट, पाऊण तासाच्या आसपास. जाताना ही वही न्या. पहिल्या भेटीतला बराच वेळ वाचतो.

एक मर्यादाही माहीत असू द्या. मघाशी सांगितलेल्या २०२० च्या आढाव्यात इम्पोस्टर भावनेवरच्या उपचाराची चाचणी घेणारा एकही अभ्यास सापडला नव्हता. ही सगळी साधनं चिंता आणि नैराश्यावरच्या सीबीटीतून घेतलेली आहेत, तिथे त्यांचा आधार भक्कम आहे. त्यामुळे ‘इम्पोस्टर सिंड्रोम तीन भेटींत कायमचा बरा’ असं कुणी सांगितलं तर दुसरं दार ठोठवा.

नैराश्याची लक्षणं असतील तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका: केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

माझा आकडा आता बहुतेक वेळा २०-२५ च्या आसपास असतो. नवं खातं आलं, नवा कस्टमर आला की तो ५० वर उडी मारतो. तेव्हा मी पहिल्यापासून सुरू करत नाही. थेट पाचव्या पायरीवर जाते, नवं भाकीत लिहिते आणि तयारीच्या किती तासांनंतर फाइल बंद करायची ते आधीच ठरवते.